पोलीस ठाण्यात तक्रार देताना: नमस्कार कोणाला करायचा आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य कोणतं?

सुरंगी
वडिलांचा मोबाइल काल संध्याकाळी बसमध्ये चढताना खिशातून गेला. वडिलांचं वय 71. ते तसेच एकटे पोलीस ठाण्यात गेले आणि "उद्या या" एवढंच ऐकून परत आले. त्यांना खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. आत गेल्यावर पहिल्या टेबलावरचे पोलीस काहीतरी लिहीत होते. वडिलांनी उभ्या उभ्या "मी सकाळी पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो" इथून सुरुवात केली. समोरच्याने मान वर न करता हात दाखवला. वडील थांबले नाहीत, आवाज चढवून पुन्हा बँकेपासून सांगू लागले. मग "उद्या या".

उद्या मी सोबत जाणार आहे. कायद्याने काय मिळतं ते मी शोधू शकते. मला विचारायचंय ते पहिल्या अर्ध्या मिनिटाबद्दल. नमस्कार नक्की कोणाला करायचा? साहेब म्हणायचं की आणखी काही? आणि नमस्कार झाल्यावर पहिलं वाक्य काय असावं, म्हणजे समोरचा माणूस ऐकायला लागेल? वडील तापट आहेत, त्यांना दोन ओळी पाठ करून देता आल्या तर बरं होईल.

गोविंदराव
मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीचा बराच काळ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेला, त्यामुळे त्या टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो.

तुमच्या वडिलांना जे टेबल लागलं ते ठाणे अंमलदाराचं. ठाण्यात येणारा प्रत्येक माणूस आधी तिथे येतो. त्याच वेळी त्याच्यापुढे स्टेशन डायरी उघडी असते, फोन वाजत असतो, वायरलेसवर निरोप येत असतो, कोणीतरी आरोपी घेऊन आलेलं असतं. डायरीत नोंद वेळेसकट लिहावी लागते आणि मध्येच तोडली तर चूक होते. तो हात "जा" म्हणून दाखवलेला नसतो, बहुतेक वेळा "ही ओळ संपू द्या" म्हणून असतो. हे बाहेरच्याला कळत नाही आणि तिथेच बिनसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. टेबलापासून हातभर मागे उभं राहायचं, त्याच्या नजरेत येईल असं. मान वर झाली की, "नमस्कार साहेब. चोरीची तक्रार द्यायची आहे." बस. इथे थांबायचं. हा थांबा महत्त्वाचा. तो "बोला" म्हणेल, किंवा "काय झालं?" म्हणेल, किंवा "बसा" म्हणेल. "बोला" आलं की तुमची पाळी सुरू झाली असं समजा. "बसा" म्हणाला तर समोरच्या बाकावर बसा, बाहेर जाऊ नका. नजरेआड गेलेला माणूस गर्दीत विसरला जातो. थोड्या वेळाने डायरी मिटली की उठून उभं राहिलं तरी पुरतं.

"बोला" म्हटल्यावर जे सांगायचं त्यात बँक आणायची नाही. काय गेलं, कधी, कुठे, कोणाचं: "काल संध्याकाळी सहाच्या सुमारास अमुक थांब्यावर बसमध्ये चढताना वडिलांच्या शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून घेतला." बँकेचं तो स्वतः विचारेल, कारण जबाबात "कुठून कुठे चालला होता" हे लागतंच. पण ते त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून यावं.

एक गोष्ट टाळा. "साहेबांना भेटायचंय" असं अंमलदाराला म्हणू नका. ठाण्यात नुसतं "साहेब" म्हटलं की प्रभारी पोलीस निरीक्षक असा अर्थ घेतात. तो तुम्हाला निरीक्षकांच्या केबिनबाहेर बसवेल, ते बंदोबस्तावर किंवा कोर्टात असतील, आणि ज्याच्यापुढे काम होणार होतं तो माणूस समोर असून तुम्ही ताटकळत बसाल.

कायदाप्रेमी
गोविंदरावांबद्दल आदर आहे, पण हे सगळं आर्जव कशासाठी? 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173. तक्रार तोंडी दिली तरी लिहून घ्यावीच लागते, ती वाचून दाखवावी लागते, प्रत मोफत द्यावी लागते. हद्द आमची नाही असंही म्हणता येत नाही. नमस्कार वगैरे करत बसण्यापेक्षा आत जाऊन सरळ सांगा: "कलम 173 खाली गुन्हा नोंदवा." कुठलीही तक्रार असो, एफआयआर घ्यायला ते बांधील आहेत.

गोविंदराव
कायदाप्रेमी, तुमचं बरंचसं बरोबर आहे. हद्दीचं तर अगदी बरोबर, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. पण "कुठलीही तक्रार" इथे गडबड आहे. 173 दखलपात्र गुन्ह्यांसाठी आहे. अदखलपात्र असेल तर नोंद 174 खाली होते, ज्याला आपण एनसी म्हणतो, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही.

आता हे याच प्रकरणाला कसं लागू होतं ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत चोरीच्या मालाची किंमत 5000 रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे जुना, हजार-दोन हजाराचा फोन असेल आणि तुम्ही आत शिरताच "173 लावा" म्हणालात, तर अंमलदार म्हणेल "लागत नाही", आणि तो बरोबर असेल. पहिल्याच वाक्यात तुमचं कलम चुकलं की पुढचं बोलणं वादाकडे जातं. कलम ठरवणं त्याचं काम आहे. तुम्ही घटना सांगा आणि किंमत सांगा.

सुरंगी
फोन मागच्या वर्षी 18000 रुपयांना घेतला होता. बिल आहे. खोकंही आहे, त्यावर आयएमईआय नंबर छापलाय.

गोविंदराव
उत्तम. बिल आणि खोक्याचा फोटो हातात ठेवा, पण नमस्कार करताना पुढे करू नका. मागितल्यावर द्या. ज्यांच्याकडे खोकं नसतं त्यांनी फोन जवळ असताना `*#06#` दाबून तो नंबर कुठेतरी लिहून ठेवावा.

वेणू७८
मला थोडं वेगळं विचारायचंय. मुलीच्या जन्मदाखल्यात नाव चुकलंय. नगरपालिकेच्या खिडकीवर गेले, "नमस्कार" म्हटलं, त्यांनी उत्तरच दिलं नाही. मग मी अर्ज ठेवून आले. आता ते म्हणतात अर्ज मिळालाच नाही. नमस्काराला उत्तर आलं नाही तर पुन्हा म्हणायचा का?

दत्ता कारकून
वेणूताई, मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो. खिडकीवर दिवसभर इतके नमस्कार येतात की उत्तर तोंडाने निघत नाही, मान हलते. तेही नाही झालं तर नमस्कार पुन्हा म्हणू नका, टोचून म्हटल्यासारखा वाटतो. क्षणभर थांबून कामाचं एक वाक्य म्हणा: "जन्मनोंदीत नावाची दुरुस्ती आहे, अर्ज कोणाकडे देऊ?" प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. आणि बऱ्याचदा ते उत्तर "पलीकडच्या टेबलावर" असतं, जे तुमच्या फायद्याचं आहे.

तुमचं काम अडलं ते मात्र नमस्काराने नाही, पोच न घेतल्याने. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक दिल्यावर दुसरी पुढे करून "या प्रतीवर पोच द्याल का?" म्हणायचं. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ही मागणी अर्ज घेतल्यानंतर करायची. आल्या आल्या "पोच देणार असाल तर अर्ज देते" म्हणणारे असतात, त्यांना पोच मिळते, पण अर्ज गठ्ठ्यात तळाला जातो. हे व्हायला नको, पण होतं. आणि "देऊन आले" पेक्षा "अमुक आवक क्रमांकाने दिला आहे" असं म्हणत पुन्हा गेलात तर बोलणं तिथूनच पुढे सरकतं.

वेणू७८
दोन प्रतींचं कोणी सांगितलंच नव्हतं. उद्याच जाते.

रानजाई
संबोधनाबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्याकडे लोक सर्रास पोलिसांना "मामा" म्हणतात. माझा भाऊ शिपाई आहे, त्याला ते अजिबात आवडत नाही. खास करून गणवेशात असताना. आणि महिला पोलिसांना "ताई" म्हणावं का? मी एकदा म्हटलं तर त्या म्हणाल्या "मॅडम म्हणा".

गोविंदराव
"मामा" नकोच. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेम असेलही, पण रस्त्यावर हाक मारून पळणाऱ्या पोरांनी त्या हाकेची चव घालवली आहे. पुरुषाला "साहेब", बाईला "मॅडम", पद काहीही असो. शिपायाला साहेब म्हटलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. "हवालदार" अशी हाक मारू नका. ते पद आहे, आणि समोरचा फौजदार निघाला तर पंचाईत. खांद्यावर तारे आहेत की दंडावर फिती आहेत हे ओळखत बसायची गरज नाही.

"ताई"चं मला ठामपणे सांगता येत नाही. ग्रामीण ठाण्यात मी साठीच्या आजींना महिला शिपायाला "बाई" किंवा "पोरी" म्हणतानाही पाहिलंय आणि ती हसून उठून खुर्ची द्यायची. तेच तिशीच्या माणसाने म्हटलं असतं तर चाललं नसतं.

निळू
आडनाव घेऊन बोलावं का? छातीवर नावाची पट्टी असतेच. "नमस्कार पाटील साहेब" म्हटलं की ओळख झाल्यासारखं वाटतं. मी असंच करतो आणि माझी कामं होतात.

रानजाई
भाऊ म्हणतो, आल्या आल्या आडनाव घेतलं की पहिली शंका येते ती "हा कोणाची ओळख सांगायला आलाय का?" ही. किंवा "नाव टिपून वर तक्रार करणार".

निळू
शंका येऊ दे की. नाव माहीत आहे म्हटल्यावर टाळाटाळ कमी होते, हा माझा अनुभव.

गोविंदराव
दोन्ही होतं. मी स्वतः टेबलावर असताना मला आडनावाचा त्रास वाटला नाही, बऱ्याच सहकाऱ्यांना वाटायचा. नाव आणि बक्कल नंबर लक्षात ठेवा, निघताना गरज पडली तर विचारा. सुरुवातीला घ्यायचं की नाही हे माणसागणिक बदलतं. पण एक नक्की: "मी अमक्या नेत्यांच्या ओळखीचा" हे नमस्काराला जोडलं की अंमलदार सावध होतो आणि स्वतः काही लिहून न घेता तुम्हाला वरिष्ठांकडे ढकलतो. ओळख सांगणाऱ्याचं काम त्यामुळे उलट लांबतं.

जगताप मास्तर
"जय हिंद" म्हणावं का? पोलीस आपसात तेच म्हणतात.

गोविंदराव
ते आमच्यात कनिष्ठाने वरिष्ठाला द्यायचं अभिवादन आहे. माजी सैनिक म्हणतात, त्यांना शोभतं, आम्हीही तसंच उत्तर द्यायचो. इतरांनी म्हटलं तर गैर नाही, पण समोरचा क्षणभर विचारात पडतो की हा खात्यातला आहे का. नमस्कार पुरे.

कायदाप्रेमी
मला जगताप मास्तरांचं पटतं, "जय हिंद"ला कोणाचीच हरकत नसावी. असो. माझा एक प्रश्न: इतकं सगळं केलं आणि तरी "उद्या या" म्हणाले तर?

अरुंधती के
त्याआधी बायकांच्या तक्रारीबद्दल लिहिते. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात बायकांबरोबर ठाण्यात जाते. तिथे "नमस्कार साहेब, तक्रार द्यायची आहे" म्हटल्यावर "बोला" आलं की त्या गप्प होतात, कारण आजूबाजूला अनोळखी माणसं कान देऊन असतात. म्हणून आम्ही दुसरं वाक्य आधीच ठरवून नेतो: "मला महिला अधिकाऱ्यांशी बोलायचं आहे." कारण द्यायचं नाही. विनयभंग, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत पीडित महिलेची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा महिला अधिकाऱ्याने नोंदवावी अशी तरतूद 173 मध्येच आहे. इतर प्रकरणात तसं बंधन नसलं तरी शांतपणे मागितलं तर बहुतेक वेळा बाजूला बसवतात.

आणि एक. आमच्या बायका आत शिरतानाच "साहेब, माफ करा, तुम्हाला त्रास देते" म्हणतात. ते मी सोडायला लावते. माफी आधी आली की प्रकरण किरकोळ असावं असा समज होतो, आणि "घरात मिटवून घ्या" हे उत्तर तयारच असतं.

गोविंदराव
अरुंधतीताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. नम्र बोलणं म्हणजे स्वतःची तक्रार लहान करून सांगणं नव्हे.

कायदाप्रेमी, "उद्या या" म्हणाले तर आवाज न चढवता विचारा: "साहेब, उद्या किती वाजता आणि कोणाला भेटू?" खरंच अडचण असेल तर वेळ आणि नाव मिळतं. चार्ज बदलण्याच्या वेळी गेलात तर तसं होऊ शकतं. टोलवत असतील तर उत्तर मोघम येतं, त्यावरून ओळखा. मग दुसरं वाक्य: "मी लेखी अर्ज आणला आहे, तो घेऊन प्रतीवर पोच द्या." तेही नाकारलं तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. त्यानंतर दंडाधिकारी आहेत. हे टेबलावर धमकी म्हणून बोलायचं नाही, करायची वेळ आली तर करायचं.

आणि जिथे मारामारी चालू आहे, कोणाला लागलंय, तिथे नमस्काराचा विचारही करू नका. दारातूनच सांगा. ठाण्यापासून लांब असाल तर 112.

सुरंगी
जाऊन आलो. सगळं लिहिते, कोणाला उपयोग होईल.

वडिलांना दोन वाक्यं पाठ करून दिली होती. टेबलावर आज महिला अंमलदार होत्या, फोनवर बोलत होत्या. आम्ही मागे उभे राहिलो. फोन ठेवल्यावर वडील म्हणाले, "नमस्कार मॅडम. चोरीची तक्रार द्यायची आहे." त्यांनी मान हलवली, एक नोंद लिहिली, मग "बोला आजोबा". वडिलांनी थांबा, वेळ, खिसा सांगितलं आणि खरंच थांबले.

त्या म्हणाल्या, "गहाळ म्हणून दाखला देऊ का? लगेच होईल. सिमकार्डसाठी चालतो." इथे वडील तापतील असं वाटलं, पण त्यांनी शांतपणे उत्तर दिलं: "मॅडम, हरवला असता तर तसंच सांगितलं असतं. चढताना मागून रेटा आला, खिशात हात जाणवला, वर चढून बघतो तर फोन नाही. चोरीच आहे." त्यांनी फोनची किंमत विचारली, बिल बघितलं आणि आम्हाला आतल्या खोलीत एका साहेबांकडे पाठवलं. तिथे फिर्याद लिहिली. आता त्यांनी विचारल्यावर बँकेचंही आलं! एफआयआरची प्रत मिळाली. ती जोडून सीईआयआर या चोरीचे फोन ब्लॉक करणाऱ्या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करायची विनंतीही टाकली आहे. त्याआधी त्याच नंबरचं नवीन सिम घ्यावं लागलं, कारण ओटीपी त्यावर येतो.

गोविंदराव
वडिलांना माझा नमस्कार सांगा. "गहाळ"चा प्रश्न जवळपास नेहमी येतो आणि त्यावर असंच घडलेलं सांगावं, "तुम्ही टाळताय" असा आरोप करू नये. ज्यांना खरोखर माहीत नाही फोन पडला की कोणी काढला, त्यांनी मात्र गहाळच सांगावं. खात्री नसताना चोरी लिहून घेऊ नये.

फिर्याद वाचून दाखवली का? सही आधी केलीत की नंतर?

सुरंगी
भराभर वाचली. वेळ "साडेसहा" लिहिली होती, वडील म्हणाले सहा. त्यांनी दुरुस्त केलं आणि मग सही घेतली. मला मात्र मध्ये बोलावं की नाही कळत नव्हतं, फिर्यादी वडील, मी नुसती सोबत.

दत्ता कारकून
आमच्या खिडकीवर तरी सोबतच्या माणसाने बोललेलं चालतं, पण ज्याचा अर्ज त्याने आधी बोललेलं आवडतं. ठाण्यात कसं?

गोविंदराव
फिर्यादीने स्वतःच्या शब्दांत सांगावं, सोबतच्याने विचारल्याशिवाय भर घालू नये. घातली तर तीच वाक्यं फिर्यादीच्या तोंडी लिहिली जातात आणि पुढे कोर्टात उलटतपासणीत त्याला ती सांगता येत नाहीत. पण फिर्यादीला नीट ऐकू येत नसेल, आठवत नसेल, तर सुरुवातीला नमस्कारानंतरच सांगून ठेवावं: "यांना कमी ऐकू येतं, मी मदतीला बसू का?"

रानजाई
आणि "बसू नका, बाहेर थांबा" म्हणाले तर? माझ्या सासूबाईंच्या वेळी तसंच झालं होतं. त्यांना निम्मं ऐकूच आलं नाही.

अरुंधती के
आमच्या बाबतीतही होतं. कधी आग्रह धरल्यावर बसू देतात, कधी नाही. सासूबाईंची फिर्याद नंतर कोणी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली का? प्रत असेल तर आधी ती तुम्ही वाचा, आणि त्यात काही राहिलं असेल तर पुरवणी जबाबासाठी तपास अधिकाऱ्यांना भेटा.